लेन्स दर वेळी ‘दोष नाही’ म्हणून परत येते: बॅक फोकसची वॉरंटी तक्रार आणि दुकानाला लिहिलेलं तिसरं पत्र

डिसेंबरात चिंचपोकळीला एका साखरपुड्याचे फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर मोठे करून पाहिले तर मुलीचे डोळे मऊ, आणि कानातल्या कुड्यांचा एकेक मोती मोजता येईल इतका स्वच्छ. पुढच्या फोटोत डोळे पुन्हा मऊ, गजऱ्याची फुलं मात्र धारदार. फोकसचा चौकोन मी डोळ्यावरच ठेवला होता, कॅमेऱ्याने ‘पीप’ करून होकारही दिला होता. सत्तर-ऐंशी फोटो पाहिले, त्यात नथ स्पष्ट आणि कान मऊ असा एकही नव्हता. चूक होती ती दर वेळी मागच्याच बाजूला.

लेन्स 85 मिमी f/1.8, डीएसएलआरची, तेव्हा जेमतेम पाच आठवडे जुनी. फोर्टमधल्या एका दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेली, कंपनीची एक वर्षाची वॉरंटी असलेली. त्यानंतर ती दोनदा दुरुस्तीला गेली आणि दोन्ही वेळा ‘तपासली, दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी घेऊन परत आली. तिसऱ्या खेपेला दुरुस्त होऊन आली. दुकान तेच होतं, सर्व्हिस सेंटरही तेच. तिसऱ्या पत्रात काय होतं, आणि त्याआधीच्या दोन वेळा माझं काय चुकलं, ते इथे लिहिते आहे. ज्यांची लेन्स अशीच फेऱ्या मारते आहे त्यांनी पत्राचा मजकूर उचलून आपले आकडे घालावेत.

पहिली फेरी: ‘फोटो ब्लर येतात’

माझं पहिलं पत्र दीड ओळीचं होतं. ‘या लेन्सने फोटो ब्लर येतात, वॉरंटीत दुरुस्त करून द्यावी.’ सर्व्हिस सेंटरने लेन्स त्यांच्या बॉडीला लावली, समोर चार्ट ठेवला, लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून, फोकस केला आणि फोटो काढला. फोटो उत्तम आला. त्यांच्या दृष्टीने तक्रार तिथेच संपली.

यात त्यांनी खोटेपणा केला असं मी म्हणणार नाही. बॅक फोकस, म्हणजे फोकस दर वेळी लक्ष्याच्या मागे पडणं, हा दोषच असा आहे की चुकीच्या पद्धतीने शोधला तर तो दिसत नाही. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरला डोळा लावून फोकस करता तेव्हा मुख्य आरशातून थोडा प्रकाश आरपार जातो, त्याच्या मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली वळतो आणि बॉडीच्या तळाशी असलेल्या फोकस सेन्सरवर पडतो. फोटो मात्र आरसा वर उचलल्यावर मागच्या मुख्य सेन्सरवर उमटतो. म्हणजे फोकस ठरवणारा एक आणि चित्र टिपणारा दुसरा. तळाचा सेन्सर लेन्सला सांगतो की इतकं सरक, लेन्स आपल्या आत साठवलेल्या दुरुस्तीच्या आकड्यांचा हिशेब धरून सरकते. ते आकडे चुकले असले किंवा आतली जुळणी ढळली असली, तर लेन्स दर वेळी ठरावीक अंतराने चुकीच्या जागी थांबते. कॅमेऱ्याला वाटतं फोकस झाला, म्हणून तो ‘पीप’ करतो.

लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वरच असतो. जो सेन्सर फोटो टिपणार तोच फोकसही तपासतो, त्यामुळे चूक उरतच नाही. माझ्या लेन्सची काच निर्दोष होती, चार्टवर ती धारदारच दिसणार होती. दोष फक्त व्ह्यूफाइंडरमधून फोकस केल्यावर येतो, हे एक वाक्य मी लिहिलं असतं तर पहिल्याच फेरीत काम झालं असतं. तीन आठवडे गेले.

दुसरी फेरी: माझीच चूक

लेन्स परत आल्यावर दुकानातले काका म्हणाले, ‘ताई, कॅमेऱ्यात सेटिंग असते, ती करून बघा.’ ते बरोबर सांगत होते. मधल्या आणि वरच्या किमतीच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये प्रत्येक लेन्ससाठी फोकस थोडा पुढे-मागे करण्याची सोय असते. निकॉनच्या मेनूत तिचं नाव `AF fine-tune`, कॅननच्या मेनूत `AF Microadjustment`. आकडा उणे 20 ते अधिक 20. फोकस मागे पडत असेल तर उणे बाजूला जायचं. मी सरकवत सरकवत -17 वर पोचले आणि दोन मीटरवर फोकस जागेवर आला.

आनंद चार दिवस टिकला. त्याच आकड्यावर समोरच्या चाळीतल्या माणसाचा फोटो काढला तर तो मऊ. लांबच्या अंतरावर -4 पुरत होता. मेनूतला आकडा एका लेन्ससाठी एकच असतो, तो जवळच्या आणि लांबच्या सगळ्या अंतरांना सारखाच लागू होतो. जवळ -17 आणि लांब -4 असं हवं असेल तर कुठलाही एक आकडा चालत नाही. शिवाय ही सेटिंग बॉडीत राहते, लेन्समध्ये काही दुरुस्त होत नाही. तीच लेन्स दुसऱ्या बॉडीला लावली की आजार परत.

म्हणून लेन्स पुन्हा दुकानात नेली. या वेळी काकांनी बॉडीही मागितली, मी दिली. आणि इथे माती खाल्ली. बॉडीत -17 तसंच राहिलं होतं. सेंटरने बॉडी आणि लेन्स एकत्र तपासली, बेताच्या अंतरावर फोकस अगदी जागेवर. पुन्हा ‘दोष आढळला नाही’. बॉडी देणार असाल तर हा आकडा आधी शून्यावर आणा, आणि शून्यावर आणला आहे हे पत्रात लिहा. हे मी ओळखीच्या तीन फोटोग्राफरना सांगितलं, त्यातल्या दोघांनी कपाळावर हात मारून घेतला.

दोष लेन्सचा आहे हे आधी स्वतःला पटवून घ्या

तिसऱ्या पत्राआधी मी एक रविवार सकाळ घालवली. सामान घरातलंच. पुठ्ठ्याचं एक खोकं, त्याच्या सपाट बाजूवर भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं मोठ्या आकड्यांचं पान चिकटवलेलं. बाजूला 30 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, कंपासपेटीतल्या गुण्याने 45 अंशांत तिरकी उभी केलेली, तिची 15 ची खूण खोक्याच्या सपाट बाजूच्या बरोबर रेषेत. पट्टीवरचे मोठे आकडे कॅमेऱ्यापासून लांबच्या टोकाला.

फोकस खोक्यावर करायचा, वाचन पट्टीवर घ्यायचं. इंटरनेटवर तिरक्या पट्टीवरच फोकस करून दोष ‘सिद्ध’ करणारे फोटो ढिगाने आहेत, ते सर्व्हिस सेंटरवाले एका मिनिटात उडवून लावतात आणि योग्यच करतात. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा फोकस सेन्सरचा खरा भाग मोठा असू शकतो. तिरक्या पट्टीवर त्याने शेजारची रेघ पकडली तर दोष नसतानाही फोकस मागे पडलेला दिसेल. सपाट, कॅमेऱ्याला समांतर पृष्ठभागावर अशी पळवाट राहत नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर, खोक्यापासून 2.1 मीटरवर. लेन्सच्या फोकल लांबीच्या साधारण पंचवीस पट अंतर सोयीचं पडतं, 85 ला ते 2.1 मीटर होतं. अॅपर्चर पूर्ण उघडं, म्हणजे f/1.8. मधला एकच फोकस पॉइंट, सिंगल फोकस मोड, दोन सेकंदांचा टायमर. गॅलरीतला दिवसाचा उजेड घेतला, कारण घरातल्या दिव्यांच्या रंगाने फोकसचं वाचन किंचित हलू शकतं आणि समोरच्याला बोट ठेवायला जागा मिळते. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग हाताने हलवून बिघडवायची, पाच वेळा अगदी जवळ आणून, पाच वेळा अनंताकडे नेऊन. नाहीतर कॅमेरा ‘आधीच फोकस आहे’ म्हणून जागचा हलत नाही आणि दहा फोटो म्हणजे एकाच फोटोच्या दहा प्रती होतात.

माझ्या लेन्सने दहापैकी दहा वेळा पट्टीवर 20 ते 22 च्या दरम्यानचा भाग स्पष्ट दाखवला. म्हणजे खुणेच्या 5 ते 7 सेंटिमीटर मागे, सरासरी 6. पट्टी तिरकी असल्यामुळे खरं अंतर त्याच्या 0.7 पट, म्हणजे साधारण 4.2 सेंटिमीटर. हे किती? या लेन्सची, माझ्या एपीएस-सी सेन्सरवर, या अंतरावरची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली, सगळी मिळून 4 सेंटिमीटरच्या थोडी वर आहे, अर्धी पुढे अर्धी मागे. म्हणजे डोळा त्या पट्ट्याच्या पार बाहेर, आणि डोळ्याच्या मागची कुडी त्या पट्ट्याकडे सरकलेली. चिंचपोकळीच्या फोटोंचा हिशेब इथे लागला.

दहाही फोटो एकाच बाजूला चुकले, हे त्या अंतराइतकंच महत्त्वाचं आहे. कधी पुढे, कधी मागे, कधी जागेवर असं होत असेल तर तो बॅक फोकस नव्हे. मग मोटर, कमी उजेड, किंवा शटर दाबताना आपण स्वतः डुलतो आहोत, यात शोध घ्यावा लागतो आणि पत्रही वेगळं लिहावं लागतं.

यानंतर अदलाबदल. आतेभावाकडे त्याच कंपनीची दुसरी बॉडी आहे, ती आणली. माझी 85 त्याच्या बॉडीवर, तरीही फोकस मागे. माझी 50 मिमी माझ्या बॉडीवर, जागेवर. या दोन वाचनांनी बॉडी सुटली आणि लेन्स सापडली. दोन्ही लेन्स माझ्या बॉडीवर मागे गेल्या असत्या तर दोष बॉडीचा असता आणि मी चुकीच्या वस्तूसाठी भांडत बसले असते. शेवटी 85 लाइव्ह व्ह्यूवर, दहापैकी दहा जागेवर. हे वाचन सोडू नका. काच चांगली आहे आणि चूक फोकस ठरवण्यात आहे, हे त्याने दिसतं. ‘चार्टवर धारदार आहे’ या उत्तराला तुम्ही आधीच ‘हो, मान्य’ म्हणून मोकळे होता.

तिसरं पत्र

*दिनांक 16 जून 2025*

*प्रति,*
*मा. व्यवस्थापक,*
*(दुकानाचं नाव व पत्ता), फोर्ट, मुंबई*

*प्रत: कंपनीचे भारतातील ग्राहक सेवा कार्यालय, ई-मेलने*

*विषय: 85 मिमी f/1.8 लेन्स, अनुक्रमांक ………, मधील बॅक फोकस दोषाची वॉरंटीत दुरुस्ती, तिसरी विनंती*

*महोदय,*

*वरील लेन्स मी आपल्या दुकानातून 14 नोव्हेंबर 2024 रोजी बिल क्रमांक ……… अन्वये खरेदी केली. वॉरंटी 13 नोव्हेंबर 2025 पर्यंत आहे. याच दोषासाठी लेन्स यापूर्वी 3 फेब्रुवारी 2025 व 21 एप्रिल 2025 रोजी आपल्याकडे जमा केली होती. दोन्ही वेळा ती ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्यासह परत मिळाली. दोन्ही जॉब शीटच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.*

*दोष असा: व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस केल्यास फोकस प्रत्येक वेळी लक्ष्याच्या मागे पडतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये हा दोष दिसत नाही. त्यामुळे केवळ लाइव्ह व्ह्यूवर किंवा चार्टची स्पष्टता पाहून केलेल्या तपासणीत तो आढळणार नाही. लेन्सच्या काचेच्या स्पष्टतेबद्दल माझी तक्रार नाही.*

*मी 8 जून 2025 रोजी केलेल्या चाचणीची वाचने (ट्रायपॉड, f/1.8, मधला फोकस पॉइंट, दिवसाचा उजेड, सपाट लक्ष्य, 45 अंशांतील पट्टी, प्रत्येक जोडीचे 10 फोटो, दोन्ही बॉडींत फोकस समायोजन 0. 85 मिमीसाठी अंतर 2.1 मीटर, 50 मिमीसाठी 1.25 मीटर):*

*ही लेन्स, माझी बॉडी, व्ह्यूफाइंडर: 10 पैकी 10 मागे, पट्टीवर 5 ते 7 सेंमी.*
*ही लेन्स, त्याच कंपनीची दुसरी बॉडी, व्ह्यूफाइंडर: 10 पैकी 10 मागे, 5 ते 6.5 सेंमी.*
*माझी 50 मिमी लेन्स, माझी बॉडी, व्ह्यूफाइंडर: 10 पैकी 10 खुणेच्या 1 सेंमी आत.*
*ही लेन्स, माझी बॉडी, लाइव्ह व्ह्यू: 10 पैकी 10 खुणेवर.*

*दोन बॉडींवर तोच दोष आणि त्याच बॉडीवर दुसरी लेन्स निर्दोष, यावरून दोष लेन्समध्ये असल्याचे दिसते. कॅमेऱ्यातील समायोजनाने तो दूर होत नाही: 2.1 मीटरवर -17 आणि सुमारे 20 मीटरवर -4 लागतो, दोन्हींना चालेल असा एक आकडा नाही. दुसऱ्या वेळी लेन्स जमा करताना माझ्या बॉडीत -17 हे समायोजन चालू राहिले होते. ती चूक माझी. आता ते 0 केले आहे.*

*विनंती:*

*1. लेन्सचे फोकस कॅलिब्रेशन वॉरंटीत विनामूल्य करून मिळावे. तपासणी व्ह्यूफाइंडरमधून, f/1.8 वर, किमान दोन अंतरांवर व्हावी आणि दुरुस्तीआधीची व नंतरची वाचने जॉब शीटवर लिहून मिळावीत.*

*2. सोबतची बॉडी केवळ पडताळणीसाठी दिली आहे. तिच्या फोकस व्यवस्थेत बदल करू नये. बॉडीत दोष आढळल्यास आधी मला लेखी कळवावे.*

*3. लेन्स 30 दिवसांत दुरुस्त होऊ न शकल्यास त्याच मॉडेलची नवी लेन्स द्यावी, अथवा बिलाची रक्कम परत करावी.*

*लेन्स पडलेली वा भिजलेली नाही, बाहेर कुठे उघडलेली नाही. आत बुरशी अथवा ओलावा नाही, हे जमा करताना आपल्यासमोर पाहून जॉब शीटवर नोंदवावे ही विनंती.*

*सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, दोन जॉब शीट, चाचणीच्या 4 फोटोंची छापील प्रत, मूळ 40 फाइल्स असलेला पेन ड्राइव्ह.*

*आपली,*
*(नाव, पत्ता, फोन, सही)*

पत्रातल्या काही जागांबद्दल

‘चूक माझी’ हे वाक्य काढून टाक, असं आतेभाऊ म्हणत होता. मी ठेवलं, आणि पुढच्या खेपेलाही ठेवेन. दुसऱ्या फेरीत काही सापडलं नाही त्याचं कारण मीच दिलं, म्हणून सेंटरला आपला जुना शेरा धरून ठेवायची गरज राहिली नाही. त्यांना माघार घ्यायला जागा मिळाली, मला दुरुस्ती मिळाली.

बॉडीला हात लावू नका ही ओळ मात्र भीतीपोटी घातली. बॉडी आणि लेन्स जोडीने दिली की कधी कधी बॉडीचाच फोकस त्या लेन्सला जुळवून दिला जातो. घरी येऊन दुसरी लेन्स लावली की ती पुढे पडायला लागते. एका दुखण्याची दोन होतात.

मूळ फाइल्स पेन ड्राइव्हवरच द्या. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले तर ते दाबून लहान होतात आणि अॅपर्चर, शटर, लेन्सचं नाव ही फाइलमधली माहिती गळून जाते. मूळ फाइल कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर फोकस पॉइंट नेमका कुठे होता तेही बऱ्याच कॅमेऱ्यांत चौकोन होऊन दिसतं. ‘तुम्ही फोकस भलतीकडे केला असेल’ या शंकेला याहून चांगलं उत्तर नाही.

30 दिवस ही मुदत मी घातलेली आहे, कायद्यातली नाही. पण पत्रात तारीख नसली तर लेन्स कपाटात पडून राहते.

बुरशीची ओळ मुंबईसाठी खास. जूनमध्ये लेन्स जमा करायची, ती ऑगस्टमध्ये परत येणार, मधे दमट हवा. वॉरंटीत बुरशी आणि ओलावा सहसा बसत नाहीत. आत गेल्यावर कुणी ‘बुरशी सापडली, वॉरंटी लागू नाही’ म्हटलं तर तुमच्याकडे काय पुरावा? म्हणून काउंटरवर मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून लावून काकांना आत दाखवलं आणि जॉब शीटवर ‘काच स्वच्छ, बुरशी नाही, फिल्टर रिंगला पोचा नाही’ असं लिहून घेतलं. ते थोडे वैतागले. मागे लोकलने परत जायची घाई असलेली चार गिऱ्हाइकं उभी होती. तरी लिहिलं. पत्राच्या माझ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीखही घेतली.

हे पत्र कुठे चालणार नाही

f/1.8 वर फोकस जागेवर आणि f/2.8 किंवा f/4 ला मागे, असं असेल तर तो दोष नाही. अॅपर्चर बंद करत गेलं की फोकस थोडा सरकणं हा मोठ्या अॅपर्चरच्या काही लेन्सचा रचनेतलाच स्वभाव असतो. त्याला सर्व्हिस सेंटर काही करू शकत नाही. म्हणून चाचणी पूर्ण उघड्या अॅपर्चरवर करा, आणि मग एकदा बंद करूनही पाहा.

मिररलेस कॅमेऱ्यात फोकस मुख्य सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे या जातीचा बॅक फोकस तिथे जवळजवळ नसतो. तिथे डोळे मऊ येत असतील तर आधी फोकस मोड आणि शटरचा वेग तपासा.

तिसरं, बिल. बोरा बाजाराच्या बाजूला आणि आसपास फिरताना एकाच लेन्सचे दोन भाव ऐकू येतात. स्वस्त भावाच्या लेन्सवर बऱ्याचदा ‘दुकानाची वॉरंटी’ असते, म्हणजे कंपनीचं भारतातलं सर्व्हिस सेंटर तिला वॉरंटीत हात लावेलच असं नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी असलेलं लेबल आहे का, आणि लेन्सवरचा अनुक्रमांक बिलावर आणि कार्डावर तोच आहे का, ते पाहा. लेबल नसेल तर पत्रातली कंपनीची प्रत काढून टाका आणि दुकानाने वॉरंटीबद्दल जे लिहून दिलं असेल त्यावर बोट ठेवा. तोंडी सांगितलेलं असेल तर अवघड आहे.

दुकानाने पत्रच घेतलं नाही तर

तेच पत्र ई-मेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि पोचपावती ठेवायची. ‘कंपनीकडे जा, आमचा संबंध संपला’ असं ऐकावं लागतं, पण पैसे दुकानाने घेतलेत आणि बिल दुकानाचं आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथे नोंदवलेली तक्रार दुकानाकडे किंवा कंपनीकडे पाठवली जाते. त्यानेही काही झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, दुकान कुठेही असो. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं, म्हणून प्रत्येक जॉब शीटवरची तारीख जपा.

एक गोष्ट फोटोग्राफरना ऐकवली जाते: ‘तुम्ही धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही.’ कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली आहे खरी, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. एकटीने बारशी-साखरपुडे करणारी मी त्यात बसते. दहा माणसं नोकरीला ठेवून स्टुडिओ चालवणाऱ्याने आधी वकिलाला विचारावं.

मला यातलं काही करावं लागलं नाही, आणि पत्रात कायद्याचा उल्लेखही मी मुद्दाम केला नव्हता. मागणी साधी आणि आकडे स्वच्छ असताना पहिल्याच कागदावर आयोगाचं नाव काढलं की काका पत्र वाचायचं सोडून ते शेठकडे सरकवतात.

काय झालं

लेन्स 5 जुलैला परत आली, एकोणीस दिवसांनी. जॉब शीटवर ‘फोकस कॅलिब्रेशन केले’ आणि दोन अंतरांवरची आधीची-नंतरची वाचनं, हाताने लिहिलेली. दुरुस्ती कशी करतात ते मी काउंटरवर विचारलं होतं. बऱ्याच लेन्समध्ये सॉफ्टवेअरने आतल्या चिपमधले दुरुस्तीचे आकडे नव्याने लिहितात, जुळणीच ढळली असेल तर उघडून पातळ चकत्या घालाव्या लागतात. माझ्या लेन्सला पहिल्यावरच भागलं.

पैसे-बिल काही नसलं तरी पोचपावतीवर सही करायची होती. ती करण्याआधी पिशवीतून खोकं, पट्टी आणि गुण्या काढला. काउंटरच्या काचेवर मांडामांड केली, दुकानाच्या दारापर्यंत मागे सरकले आणि समायोजन 0 ठेवून पाच फोटो काढले. दिव्यांचा उजेड होता, म्हणून दहाचा हट्ट धरला नाही. पाचही वेळा 15 ची खूण धारदार, एकदा अर्धा सेंटिमीटर पुढे. काकांनी कॅमेरा हातात घेतला, फोटो मोठा करून पट्टीवरचे आकडे वाचले आणि विचारलं, ‘हा त्रिकोण कुठे मिळतो?’ कंपासपेटीत, म्हटलं. त्यांनी आत पोऱ्याला हाक मारली आणि समोरच्या स्टेशनरीवाल्याकडे पाठवलं.